जर्मन कंपनीला इंटर्नशिपचा ईमेल: तारखा, कॉलेजचं पत्र आणि एकच पीडीएफ

प्रश्न: मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे, सहावं सेमिस्टर नुकतंच संपलं. शेवटच्या सेमिस्टरला इंटर्नशिप करायची आहे आणि जर्मनीत पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीला ईमेल पाठवायचा आहे. जाहिरात नाहीये, वेबसाइटवर अर्जांसाठी फक्त एक ईमेल पत्ता दिलाय. सोबत काय काय जोडू? आणि परीक्षेचं वेळापत्रक अजून लागलेलं नसताना मी कधी उपलब्ध आहे हे कसं लिहू?

उत्तर: मी दक्षिण जर्मनीत मशीन डिझाइनमध्ये काम करतो. आमच्या विभागासाठी आलेले इंटर्नशिपचे अर्ज आधी एचआर बघतं, मग त्यातले काही माझ्याकडे येतात. हा क्रम लक्षात ठेवा, कारण तुमचा ईमेल पहिल्यांदा उघडणारी व्यक्ती इंजिनिअर नसते. तुमचं सॉलिडवर्क्स किती चांगलं आहे हे ती ठरवत नाही. हा विद्यार्थी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येणार, इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची आहे की स्वतःच्या हौसेची, आणि भारतातून त्याला इथं आणायला कोणते कागद लागतील, एवढंच तिला ठरवायचं असतं. ही तीन उत्तरं ईमेलमध्ये सापडली तर अर्ज पुढे सरकतो. नाही सापडली तर तिला तुम्हाला उलट विचारावं लागतं, आणि जाहिरात नसलेल्या जागेसाठी तेवढा वेळ फार थोडे लोक काढतात.

आधी सक्तीचं की ऐच्छिक, हे बघू. जर्मनीत २०१५पासून किमान वेतनाचा कायदा आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप त्यातून वगळलेली आहे. ऐच्छिक इंटर्नशिप मात्र तीन महिन्यांपेक्षा जास्त चालली तर कंपनीला पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावं लागतं. १ जानेवारी २०२७पासून हा दर तासाला १४.६० युरो आहे. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याला अडीच हजार युरोंच्या आसपास जातात. सक्तीच्या इंटर्नशिपलाही बऱ्याच कंपन्या पैसे देतात, पण किती द्यायचे हे त्या स्वतः ठरवतात. त्यामुळे पाच-सहा महिन्यांसाठी येणारा विद्यार्थी कोणत्या गटात बसतो, यावर विभागाचं बजेट पुरेल की नाही हे ठरतं. तुमची सक्तीची असेल तर तसं पहिल्याच वाक्यात यायला हवं. नसेल तर सक्तीची आहे असं लिहू नका. करार करताना पुरावा मागतातच आणि तिथं सगळं थांबतं.

पुराव्याच्या बाबतीत आपल्याकडची मुलं हमखास अडकतात. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन ‘इंटर्नशिपसाठी पत्र हवंय’ म्हटलं की बोनाफाइड मिळतं किंवा एनओसी मिळते. बोनाफाइड सांगतं की हा आमचा विद्यार्थी आहे. एनओसी सांगते की त्यानं इंटर्नशिप केली तर आमची हरकत नाही. यातलं एकही पत्र इंटर्नशिप सक्तीची आहे असं म्हणत नाही. उलट एनओसीतलं ‘हरकत नाही’ वाचून इथल्या माणसाला वाटतं की ही मुलाची स्वतःची इच्छा आहे, म्हणजे ऐच्छिक, म्हणजे किमान वेतन. तुम्हाला हवं ते पत्र वेगळं आहे. कॉलेजच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, त्यात एवढं असावं: तुमचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पदवीचं नाव, एकूण किती सेमिस्टर आणि त्यातली किती पूर्ण झाली, अभ्यासक्रमानुसार कोणत्या सेमिस्टरला किमान किती आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते, तिला किती क्रेडिट आहेत, आणि इंटर्नशिपच्या संपूर्ण काळात तुम्ही कॉलेजचे नोंदणीकृत विद्यार्थी असाल. खाली विभागप्रमुखांची किंवा टीपीओ सरांची सही, पदनाम, शिक्का आणि कॉलेजचा ईमेल. मजकूर स्वतः टाइप करून घेऊन जा, सोबत सिलॅबसच्या त्या पानाची प्रत ठेवा. सरांना फक्त तपासून सही करायची असेल तर हे काम लवकर होतं.

काही कॉलेजांत आठव्या सेमिस्टरला ‘इंटर्नशिप किंवा प्रोजेक्ट’ असा पर्याय असतो. तसं असेल तर पत्रात तेच स्पष्ट लिहून घ्या: या विद्यार्थ्यानं इंटर्नशिपचा पर्याय निवडला आहे आणि पदवीसाठी त्याचे क्रेडिट आवश्यक आहेत. पुढचा निर्णय कंपनी घेईल, पण तिच्यासमोर खरी परिस्थिती कागदावर असेल.

दुसरा मुद्दा परवानगीचा. परदेशी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाशी संबंधित इंटर्नशिपसाठी जर्मनीत यायचं असेल तर एक रुळलेला मार्ग आहे: किमान चार सेमिस्टर पूर्ण झालेली असावीत, काम शिकत असलेल्या विषयाशी जुळणारं असावं, आणि कालावधी जास्तीत जास्त एक वर्ष. यासाठी तिथल्या केंद्रीय रोजगार संस्थेच्या झेडएव्ही या विभागाची संमती लागते आणि तो अर्ज कंपनी करते. मग तुम्ही व्हिसासाठी अर्ज करता. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचे अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या अखत्यारीत येतात. मोठ्या कंपन्यांना हे माहीत असतं. दोन-तीनशे माणसांच्या कंपनीत भारतातून आलेला तुम्ही कदाचित पहिलाच विद्यार्थी असाल आणि ‘व्हिसा’ या शब्दानंच त्यांना दडपण येईल. म्हणून ईमेलमध्ये दोन वाक्यं पुरे: मला व्हिसा लागेल, आणि चार सेमिस्टर पूर्ण असल्यामुळे झेडएव्हीच्या मार्गानं ते होऊ शकतं. यापेक्षा जास्त कायदा त्यांना शिकवू नका. ‘व्हिसाचं मी बघून घेईन’ असं तर लिहूच नका, कारण ते खरं नाही. त्यांच्या सहीशिवाय तुमचं काहीच पुढे जाणार नाही.

आता तारखा, तुमचा मुख्य प्रश्न. ‘जानेवारीपासून उपलब्ध’ किंवा ‘सहा महिन्यांसाठी कधीही’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या हातात काहीच लागत नाही. तिला कॅलेंडरमध्ये बघायचं असतं की त्या काळात आमच्याकडे आधीच दुसरा इंटर्न आहे का, टेबल रिकामं आहे का, शिकवणारा इंजिनिअर रजेवर आहे का. त्यासाठी सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, आठवड्याचे तास आणि मधले अडथळे, या चार गोष्टी लागतात. महिना अक्षरांत लिहा. ०३/०६ ही तारीख युरोपात तीन जून आहे आणि अमेरिकेत सहा मार्च. तुमच्या मनात काय होतं हे समोरच्याला कळायला मार्ग नाही.

वेळापत्रक लागलेलं नसणं ही अडचण नाही, ते लपवणं ही अडचण आहे. मागच्या दोन वर्षांत सातव्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर आणि तोंडी परीक्षा कधी झाल्या ते सीनियर्सना विचारा. समजा दोन्ही वेळा डिसेंबरच्या मध्यापर्यंत संपल्या. परीक्षा पुढे ढकलल्या जातात हे आपल्याला माहीत आहे, म्हणून तीनेक आठवडे मोकळे ठेवा. ६ जानेवारीला बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बायर्नमध्ये सुट्टी असते, त्या आठवड्यात कोणी नवीन माणूस घेत नाही. मग ११ जानेवारी २०२७, सोमवार, ही सुरुवातीची तारीख ठरते. शेवट २५ जून, शुक्रवार. हे २४ आठवडे झाले. तुमच्या अभ्यासक्रमाला १६ आठवडे लागतात असं धरू. परीक्षा लांबली आणि सुरुवात १ फेब्रुवारीवर गेली तरी जवळपास २१ आठवडे उरतात. हा हिशोब तुम्ही आधीच केलेला असला की ‘फार तर १ फेब्रुवारी’ हे वाक्य निर्धास्तपणे लिहिता येतं. त्या वाक्यामुळे वाचणाऱ्याला कळतं की उशीर झाला तरी किती होईल आणि त्यानं योजना मोडणार नाही.

ईमेल इंग्रजीतच जाईल, वेबसाइट फक्त जर्मनमध्ये असली तरी. अनुवादयंत्रातून काढलेलं जर्मन पाठवलं की पुढचा फोन जर्मनमध्ये येतो. विषयाच्या ओळीत मात्र एक जर्मन शब्द जरूर घाला, कारण एचआरची नजर त्यावरच जाते:

```
Mandatory internship / Pflichtpraktikum, mechanical design, 11 January to 25 June 2027
```

एवढ्या एका ओळीत काय, कशासाठी, कधी ते आलं. आता मजकूर. तो इंग्रजीत लिहायचा आहे, इथं आशय मराठीत देतो:

> आदरणीय श्रीमती ___,
>
> मी पुण्यातल्या ___ कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेत आहे. आठपैकी सहा सेमिस्टर पूर्ण झाली आहेत. आठव्या सेमिस्टरला आमच्या अभ्यासक्रमात किमान १६ आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे आणि ती तुमच्या डिझाइन विभागात करण्याची माझी इच्छा आहे.
>
> ११ जानेवारी ते २५ जून २०२७ या काळात मी पूर्णवेळ, आठवड्याला ४० तास उपलब्ध आहे. सातव्या सेमिस्टरची परीक्षा डिसेंबरमध्ये संपेल. वेळापत्रक जाहीर झालं की लगेच कळवेन. सुरुवात फार तर १ फेब्रुवारीपर्यंत पुढे जाऊ शकते. मे महिन्यात एका दिवसाची तोंडी परीक्षा आहे, ती ऑनलाइन देता येते.
>
> गेल्या वर्षी बिस्किटांचे पुडे पट्ट्यावरून खोक्यात ढकलणारी एक लहान यंत्रणा मी डिझाइन करून बनवली. तिचा वेग वाढवला की फॉलोअर कॅमवरून उडत होता. हार्मोनिकऐवजी सायक्लॉइडल प्रोफाइल घेऊन आणि स्प्रिंग जास्त ताठ बसवून ते थांबवलं. ड्रॉइंग आणि मोजमापं पीडीएफच्या शेवटच्या पानावर आहेत. तुमच्या खोकी भरणाऱ्या मशीनमधली ढकलण्याची यंत्रणा याच प्रकारची आहे, म्हणून तुमच्याकडे अर्ज करत आहे.
>
> माझं नागरिकत्व भारतीय असून सध्याचा मुक्काम पुण्यात आहे, त्यामुळे व्हिसा लागेल. चार सेमिस्टर पूर्ण असल्यानं झेडएव्हीच्या संमतीनं तो मिळू शकतो. बायोडाटा, कॉलेजचं पत्र आणि गुणपत्रिका एका पीडीएफमध्ये जोडल्या आहेत.
>
> व्हिडिओ कॉलसाठी सोमवार ते शुक्रवार, जर्मन वेळेप्रमाणे सकाळी ९.३० ते दुपारी २.३० मी उपलब्ध आहे.

प्रोजेक्टचा परिच्छेद लहान आहे, पण माझ्यासारखा माणूस तोच दोनदा वाचतो. ‘टीमवर्क’, ‘शिकण्याची आवड’, ‘जर्मन इंजिनिअरिंगबद्दल आदर’ हे सगळ्यांच्याच अर्जात असतं. फॉलोअर उडत होता आणि तो कसा थांबवला, हे ज्यानं केलंय त्यालाच लिहिता येतं, आणि मला लगेच विचारावंसं वाटतं की प्रोफाइल बदलल्यावर प्रवेगाचं कमाल मूल्य वाढलं असेल, त्याचं काय केलंत? मुलाखत तिथूनच सुरू होते. म्हणून जे खरंच केलंय आणि ज्यावर अर्धा तास बोलता येईल असं एकच काम निवडा, आणि त्यात काय बिघडलं होतं तेही लिहा. कंपनीच्या मशीनशी त्याचा संबंध शोधायला त्यांचं माहितीपत्रक आणि मशीन चालतानाचे व्हिडिओ नीट बघा. तो संबंध सापडला नाही तर ओढूनताणून जोडू नका, ते वाक्य गाळा.

वेळेबद्दल एक काळजी घ्या. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. २०२६मध्ये हा बदल २५ ऑक्टोबरला होतो. तुमच्याकडची दुपारी १ ते संध्याकाळी ६ ही वेळ आज त्यांच्यासाठी ९.३० ते २.३० आहे, नोव्हेंबरमध्ये ती ८.३० ते १.३० होईल. कॉल ठरला की वेळेपुढे ‘जर्मन वेळ’ असं लिहूनच होकार द्या.

आता जोडायच्या फाइल्स. एकच पीडीएफ करा आणि ती ५ एमबीच्या आत ठेवा. क्रम असा: बायोडाटा एक किंवा दोन पानं, मग कॉलेजचं पत्र, मग सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, शेवटी प्रोजेक्टचं एक पान. झिप, वर्ड किंवा एक्सेलची फाइल नको. डिसेंबर २०१६मध्ये ‘गोल्डनआय’ नावाचं रॅन्समवेअर जर्मन कंपन्यांच्या एचआर विभागांत नोकरीच्या खोट्या अर्जांतून पसरलं होतं, सोबत एक्सेलची फाइल असायची. बऱ्याच कंपन्यांचे मेल सर्व्हर अशा फाइल्स आता वाटेतच अडवतात, आणि पाठवणाऱ्याला ते कळतंच असं नाही. ड्राइव्हची लिंकही टाळा. अनोळखी माणसाच्या लिंकवर क्लिक करू नये असं इथं प्रत्येकाला शिकवलेलं असतं.

मोबाइलनं काढलेले गुणपत्रिकांचे रंगीत फोटो जोडून केलेली पीडीएफ सहज २० एमबीची होते. ग्रेस्केलमध्ये, १५० डीपीआयला स्कॅन केलं तर सहा गुणपत्रिका मिळून एक-दोन एमबीत बसतात आणि आकडे स्वच्छ वाचता येतात. ईमेल फार जड झाला तर सर्व्हरकडून तो परत येतो, त्यात बहुधा `552` हा क्रमांक असतो. अर्ज पाठवल्यावर तासाभरानं स्वतःचा इनबॉक्स आणि स्पॅम दोन्ही बघा.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता:

```
Surname_Firstname_Internship_Jan2027.pdf
```

शिवाय पीडीएफच्या आत एक वेगळं शीर्षक दडलेलं असतं, ते ब्राउझरच्या टॅबवर दिसतं. मित्राचा बायोडाटा घेऊन त्यावर स्वतःची माहिती भरली असेल तर तिथं मित्राचंच नाव राहतं, किंवा आधी अर्ज केलेल्या दुसऱ्या कंपनीचं. क्रोममध्ये फाइल उघडून टॅब बघा, लगेच कळेल. विद्यापीठाकडून आलेल्या गुणपत्रिकेच्या पीडीएफला पासवर्ड असेल तर तो काढूनच जोडा.

नावाचा गोंधळ आपल्या गुणपत्रिकांमुळे होतो. तिथं आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही. जर्मन माणूस शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि तुम्हाला वडिलांच्या किंवा आईच्या नावानं हाक मारतो. एवढ्यानं बिघडत नाही, पण तेच नाव करारात आणि झेडएव्हीच्या अर्जात गेलं की पासपोर्टशी जुळत नाही आणि व्हिसाच्या वेळी करार पुन्हा करावा लागतो. बायोडाटाच्या वर नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा आणि आडनाव मोठ्या अक्षरांत ठेवा.

गुणांचंही तसंच. जर्मनीत १.० हा सर्वांत चांगला ग्रेड असतो आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. नुसतं ‘सीजीपीए ८.२’ लिहिलं तर वाचणाऱ्याला त्याचा अर्थ लागत नाही. ‘१०पैकी ८.२, पास होण्यासाठी किमान ४’ असं लिहा. बव्हेरियन सूत्रानं रूपांतर करायचं तर ८.२चं १.९ होतं:

```
1 + 3 × (10 − 8.2) / (10 − 4) = 1.9
```

हे कंसात ‘अंदाजे’ म्हणून दिलं तर चालतं, पण मूळ आकडा आधी. पासचा आकडा तुमच्या विद्यापीठाच्या नियमांतून घ्या, सगळीकडे तो ४ नसतो.

पासपोर्टची किंवा आधारची प्रत पहिल्या ईमेलला जोडू नका. धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय बायोडाटात नको. फोटो ऐच्छिक आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॉलेजच्या कार्यक्रमांची प्रमाणपत्रं, एका दिवसाच्या कार्यशाळा, हे सगळं घरी राहू द्या. त्या गर्दीत कॉलेजचं पत्र सापडत नाही.

पाठवायचं केव्हा? झेडएव्ही आणि व्हिसा मिळून मी निदान तीन महिने धरतो, म्हणजे जानेवारीसाठी होकार सप्टेंबरअखेर हातात हवा. दक्षिण जर्मनीत जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शाळांना सुट्ट्या असतात आणि निम्मं ऑफिस रजेवर असतं. म्हणून कॉलेजचं पत्र या आठवड्यातच मिळवा आणि जुलैच्या मध्याआधी अर्ज पाठवा. रजेवर असल्याचं आपोआप उत्तर आलं तर ते नीट वाचा: परत येण्याची तारीख आणि बदली माणसाचं नाव त्यात असतं. बदली माणसाला अर्ज पुन्हा पाठवायची गरज नाही, पण परतीच्या तारखेनंतर दोन-तीन दिवसांनी तुमची आठवण करून दिलेली चालते. तसं उत्तर आलं नाही तर तीन आठवडे थांबा. मग त्याच ईमेलला रिप्लाय करून दोन ओळी लिहा, तारखा पुन्हा द्या, फाइल पुन्हा जोडू नका. त्यानंतरही शांतता असेल तर फोन करून विचारलेलं इथं कोणाला खटकत नाही. सकाळी ९ ते ११ या त्यांच्या वेळेत करा.

उत्तरात ‘तुम्ही सध्या जर्मनीत आहात का?’ असं विचारलं तर समजा की व्हिसाचं वाक्य नजरेतून सुटलंय. ते पुन्हा लिहा आणि कॉलेजच्या पत्राचा पान क्रमांक सांगा. आणि परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी कळवा, तारीख बदलली नसली तरी: ‘परीक्षा १६ डिसेंबरला संपते, ११ जानेवारी कायम.’